टेम्पो किलोमीटरने झिजतो की वर्षांनी?

वाचकाचं पत्र

*आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी खाद्यपदार्थांचं वितरण करते. हिशेब मी बघते, गाड्या माझे दीर बघतात. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही दहा टेम्पो एकदम घेतले. सहा भिवंडीच्या गोदामातून ठाणे, भांडुप, बोरिवलीकडे जातात. चार मशीद बंदर, काळबादेवी, गिरगावात फिरतात. आमचे सीए म्हणतात, गाडीची किंमत पहिल्या वर्षीच जास्त पडते, म्हणून वर्षांच्या अंकांच्या बेरजेने घसारा लावा. दीर म्हणतात, पहिल्या वर्षी गाड्या फारशा पळाल्याच नाहीत, किलोमीटरवर लावा. सीएंच्या पद्धतीने आमचा नफा जवळपास पुसला जातो आणि बँकेच्या कॅश क्रेडिट मर्यादेचं नूतनीकरण तोंडावर आहे. कुठल्या पद्धतीत आमचा फायदा जास्त?*
*— भांडुपहून एक वाचक*

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचा गुंता त्याच्यातूनच झालेला दिसतो. गाडीचं पूर्ण आयुष्य धरलं, तर दोन्ही पद्धतींत फायदा सारखाच आहे, म्हणजे शून्य. गाडी घेतली एका किमतीला, विकणार दुसऱ्या किमतीला; मधला फरक कधी ना कधी नफ्यातून जाणारच. कुठल्या वर्षी किती जाणार, एवढंच पद्धत ठरवते. म्हणून "फायदा कशात" असं न विचारता "आमची गाडी खरोखर कशाने संपते" असं विचारायला हवं. तुमच्या दहा गाड्यांसाठी याचं उत्तर एकच नाही, असं मला वाटतं.

आधी एका गाडीचा आकडा पक्का करू. तुम्ही किंमत लिहिलेली नाही, म्हणून मी पुस्तकात ८,००,००० रुपये धरते. यात शोरूमची किंमत, आरटीओची नोंदणी आणि मागची बॉडी बांधून घेण्याचा खर्च येतो. पहिल्या वर्षाचा विमा येत नाही. तो त्या वर्षाचा खर्च. मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तो जीएसटीही किमतीत धरायचा नाही, कारण एकाच कराचं क्रेडिट आणि घसारा दोन्ही मिळत नाही. "ऑन रोड" बिलाचा आकडा जसाच्या तसा पुस्तकात उतरवल्याने घसारा पहिल्या दिवसापासून फुगलेला मी अनेकांकडे पाहिला आहे. तुमच्याकडे तसं झालं नाही ना, ते आधी बघा.

पाच वर्षांनी गाडी २,००,००० ला जाईल असं धरू. म्हणजे ६,००,००० रुपये पाच वर्षांत खर्ची टाकायचे. वर्षांच्या अंकांची बेरीज पाच वर्षांसाठी ५ + ४ + ३ + २ + १ म्हणजे १५ होते. पहिल्या वर्षी ६ लाखांचे पंधरापैकी पाच भाग, दुसऱ्या वर्षी चार भाग, असं उतरत जायचं. एक्सेलमध्ये यासाठी सूत्र तयार आहे. शेवटचा आकडा वर्षाचा:

```
=SYD(800000,200000,5,1)
```

किलोमीटरच्या पद्धतीत भिवंडीच्या गाडीकडून तुम्हाला एकूण १,५०,००० किलोमीटर मिळतील असं धरलं, तर ६,००,००० भागिले १,५०,००० म्हणजे किलोमीटरला ४ रुपये. त्या वर्षीचं रीडिंग गुणिले चार, की झाला घसारा. पहिल्या वर्षी गाडी कमी पळाली, मग मार्ग भरत गेले, शेवटी ती थकली, असा अंदाज धरून पाचही वर्षं मांडते.

| वर्ष | किलोमीटर | अंक-बेरीज घसारा | किलोमीटर घसारा | पुस्तकी किंमत, अंक-बेरीज | पुस्तकी किंमत, किलोमीटर |
|---|---|---|---|---|---|
| १ | २०,००० | २,००,००० | ८०,००० | ६,००,००० | ७,२०,००० |
| २ | ३५,००० | १,६०,००० | १,४०,००० | ४,४०,००० | ५,८०,००० |
| ३ | ३८,००० | १,२०,००० | १,५२,००० | ३,२०,००० | ४,२८,००० |
| ४ | ३२,००० | ८०,००० | १,२८,००० | २,४०,००० | ३,००,००० |
| ५ | २५,००० | ४०,००० | १,००,००० | २,००,००० | २,००,००० |

घसाऱ्याच्या दोन्ही रकान्यांची बेरीज ६,००,००० येते. पहिल्या वर्षी एका गाडीमागे १,२०,००० चा फरक आहे, म्हणजे भिवंडीच्या सहा गाड्यांचा ७,२०,०००. तुमचा नफा पुसला जातोय तो इथेच. पण तिसऱ्या वर्षापासून पारडं फिरतं. आज दिरांच्या पद्धतीने वाचलेला प्रत्येक रुपया तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी नफ्यातून जाणार आहे, आणि नेमक्या त्याच वर्षांत दुरुस्तीही वाढणार आहे.

आता सीएंचं म्हणणं घेऊ. गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची बाजारातली किंमत झपाट्याने पडते, यात वाद नाही. पण घसारा म्हणजे दर मार्चला गाडीचा बाजारभाव लावणं नव्हे. लेखा मानक १० सांगतं की मालमत्तेपासून मिळणारा उपयोग ज्या क्रमाने वापरला जाईल, त्या क्रमाने घसारा लावायचा. गाडी तुम्ही पाच वर्षं ठेवणार असाल, तर दुसऱ्या वर्षी ओएलएक्सवर तिला काय भाव आला असता, याचा त्या वर्षीच्या घसाऱ्याशी संबंध नाही. शेवटी किती मिळणार, एवढाच बाजारभाव हिशेबात येतो.

अंक-बेरीज पद्धतीसाठी याहून जास्त वजनाचा मुद्दा दुरुस्तीचा आहे. नव्या गाडीला दुरुस्ती नसते, जुनीला खूप असते; घसारा उतरत गेला आणि दुरुस्ती चढत गेली, तर दोन्ही मिळून गाडीचा वार्षिक खर्च सपाट राहतो. समजा दुरुस्ती अनुक्रमे १५, ३०, ६०, ९५ हजार आणि १ लाख ३० हजार आली. अंक-बेरजेत घसारा धरून एकूण खर्च पहिल्या वर्षी २,१५,००० आणि शेवटच्या वर्षी १,७०,००० येतो. किलोमीटरच्या पद्धतीत तोच ९५,००० वरून २,३०,००० वर जातो. बेरीज खरंच सपाट होते. तरी माझं मन पूर्ण वळत नाही, कारण दुरुस्ती वाढली म्हणून गाडीचं काम कमी झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

माझी कसोटी साधी आहे. पाच वर्षांच्या अंक-बेरजेत पहिल्या वर्षाचा घसारा शेवटच्या वर्षाच्या पाचपट असतो. म्हणजे पाचव्या वर्षी गाडी पहिल्या वर्षाच्या फक्त पाचव्या हिश्श्याएवढं काम देणार, असं तुम्ही म्हणता. तुमची भिवंडीची गाडी तसं करणार आहे का? वरच्या अंदाजात ती पाचव्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त धावते. किलोमीटरमागे हिशेब केला, तर अंक-बेरजेत पहिल्या वर्षी १० रुपये पडतात आणि पाचव्या वर्षी १ रुपया ६० पैसे, तेही त्याच गाडीला, त्याच रस्त्यावर. या आकड्यावर तुम्ही दुकानदाराला पोचवणीचा दर सांगितलात, तर यंदा दर इतका चढा निघेल की माल दुसऱ्याच्या टेम्पोने जाईल, आणि चार वर्षांनी इतका पडेल की नवी गाडी घ्यायची वेळ आल्यावर तो परवडणार नाही. भिवंडीच्या सहा गाड्यांसाठी माझा कौल दिरांच्या बाजूने आहे.

पण दिरांनी दिलेलं कारण मला पटत नाही. "यंदा गाड्या पळाल्या नाहीत" म्हणून किलोमीटर, आणि पुढच्या वर्षी खूप पळाल्या म्हणून दुसरं काही, असं करता येत नाही. किलोमीटर निवडलं की तिसऱ्या वर्षीचे जास्तीचे ३२,००० रुपयेही तोंड न वाकवता घ्यायचे. शिवाय या पद्धतीचा सगळा डोलारा एका अंदाजावर उभा असतो: गाडी एकूण किती किलोमीटर देणार. हा आकडा लोक मेकॅनिकला किंवा विक्रेत्याला विचारतात. ते इंजिन किती टिकेल ते सांगतात. कंपनी कायद्याचं दुसरं परिशिष्ट मात्र उपयुक्त आयुष्य सांगताना एक तर वर्षं मोजतं, नाही तर *त्या कंपनीला* त्या मालमत्तेतून मिळण्याची अपेक्षा असलेली एककं. इंजिन तीन लाख किलोमीटर चालेलही. तुम्ही दीड लाखाला विकणार असाल, तर छेदात दीड लाखच येतो.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते तुमच्या चार शहरी गाड्यांवर दिसतं. मशीद बंदर ते काळबादेवी अंतर ते केवढं? दिवसाला २५ किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर ७,५०० होतात. दीड लाख भागिले साडेसात हजार म्हणजे वीस वर्षं! टेम्पो तुम्ही वीस वर्षं ठेवणार नाही. तरीही भिवंडीचाच चार रुपयांचा दर या गाड्यांना लावलात, तर पाच वर्षांत ३७,५०० किलोमीटरवर फक्त १,५०,००० चा घसारा बसेल आणि पुस्तकात गाडी ६,५०,००० ला उभी असेल. विकताना हातात २,००,००० येतील. एका गाडीमागे साडेचार लाखांचा, चार गाड्यांमागे अठरा लाखांचा तोटा एका दिवसात. पाच वर्षं दाखवलेल्या नफ्याचा एक भाग मुळात नफा नव्हताच, हे तेव्हा कळेल.

वर, या गाड्यांचं मीटर त्यांची झीज सांगतच नाही. काळबादेवीच्या गल्लीत गाडी तासाला चार-पाच किलोमीटर सरकते. क्लच अर्धा दाबलेला, इंजिन चालू, पहिला-दुसरा गिअर, दर पन्नास पावलांवर ब्रेक. क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर जातात, मीटर मात्र जागचं हलत नाही. त्यात समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी. बॉडीचा पत्रा गंजायला गाडी चालावी लागत नाही.

म्हणून कुठल्याही गाडीला पद्धत लावण्याआधी एक भागाकार करा: अपेक्षित एकूण किलोमीटर भागिले वर्षाचे किलोमीटर. येणारी वर्षं, तुम्ही गाडी ठेवणार त्या वर्षांच्या आसपास किंवा त्याहून कमी आली, तर गाडी किलोमीटरने संपते. किलोमीटरचा घसारा लावा. ती बरीच जास्त आली, तर गाडी काळाने संपते. वर्षांवर आधारलेली पद्धत लावा. भिवंडीच्या गाडीचं उत्तर पाच येतं, काळबादेवीच्या गाडीचं वीस.

मग त्या चार गाड्यांना अंक-बेरीज लावायची का? इथे सीएंचं म्हणणं जास्त खरं ठरू शकतं, पण पुरावा हवा. शेवटच्या दोन वर्षांत या गाड्या महिन्यातले बरेच दिवस गॅरेजमध्ये असतात, किंवा नव्या गाड्या आल्या की जुन्या फक्त जादा गाडी म्हणून ठेवल्या जातात, असं तुमच्या आधीच्या टेम्पोंच्या नोंदींवरून दिसत असेल, तर उतरता घसारा योग्य आहे. नोंदी नसतील आणि गाडी पाचही वर्षं सारखंच फिरणार असेल, तर वर्षाला १,२०,००० चा सरळ रेषेचा घसारा जास्त प्रामाणिक. छेद बरोबर म्हणजे ३७,५०० धरला, तर किलोमीटरचा दर १६ रुपये येतो आणि साडेसात हजार किलोमीटरला तेवढेच १,२०,००० होतात. वर्षाचं धावणं सारखं असलं की किलोमीटरची पद्धत सरळ रेषाच होते.

एकाच ताफ्यात दोन पद्धती चालतील का, हा प्रश्न तुमचे सीए नक्की विचारतील. वापराचा क्रम खरोखर वेगळा असेल, गट आधीच ठरवलेले असतील आणि ते टिपणात जाहीर केलेले असतील, तर मला त्यात अडचण दिसत नाही. मात्र वर्ष संपताना नफा बघून गाडी या गटातून त्या गटात हलवली, तर लेखापरीक्षकाने हरकत घ्यायलाच हवी.

मध्येच गाडी विकण्याचाही विचार करून ठेवा, कारण किलोमीटरच्या पद्धतीचा धोका तिथे आहे. तिसरं वर्ष संपताना भिवंडीची एक गाडी ३,५०,००० ला विकली असं समजा. अंक-बेरजेत पुस्तकी किंमत ३,२०,०००, म्हणजे ३०,००० नफा. किलोमीटरमध्ये ४,२८,०००, म्हणजे ७८,००० तोटा. जुन्या गाड्यांचा व्यापारी मीटर बघतो, पण आधी नोंदणीचं वर्ष बघतो. कमी पळालेली गाडी पुस्तकात महाग राहते आणि बाजारात तिला तेवढी किंमत मिळत नाही. तुमच्याकडे गाड्या तीन वर्षांतच बदलायची पद्धत असेल, तर अंदाजच तीन वर्षांवर आणि तिसऱ्या वर्षीच्या विक्री किमतीवर बांधायला हवा. प्रत्येक विक्रीत तोटाच येऊ लागला, तर एकूण किलोमीटर किंवा शेवटची किंमत जास्त धरली गेली आहे, एवढं त्यावरून ओळखा.

उभ्या गाडीचंही असंच. वापरावर आधारलेल्या पद्धतीत गाडी चालली नाही तर घसारा शून्य येऊ शकतो, आणि मानक ते मान्य करतं. पण ड्रायव्हर नाही म्हणून जून ते सप्टेंबर उघड्यावर उभा राहिलेला टेम्पो त्या चार महिन्यांत नवा राहत नाही. अशी गाडी दिसली की तिची पुस्तकी किंमत वसूल होईल का, हे वेगळं तपासून घ्या.

अंदाज चुकला तर काय करायचं, याची भीती बाळगू नका. शेवटची किंमत आणि आयुष्य दर वर्षअखेरीस तपासायचंच असतं. दोन वर्षांत ५५,००० किलोमीटर झाले आणि मग लक्षात आलं की दीड लाख मिळणार नाहीत, १,२०,००० च मिळतील. मागची वर्षं उघडायची नाहीत. उरलेली पुस्तकी किंमत ५,८०,०००, त्यातून २,००,००० वजा, राहिले ३,८०,०००. उरलेले किलोमीटर ६५,०००. नवा दर सुमारे ५ रुपये ८५ पैसे, आणि तो पुढे लावायचा. पद्धत बदलतानाही हेच. तो लेखा अंदाजातला बदल मानला जातो आणि पुढच्या काळापुरता लागू होतो. यंदाचे हिशेब अंक-बेरजेने मंजूर होऊन गेले असतील, तर दुसऱ्या वर्षी ६,००,००० मधून २,००,००० वजा करून उरलेल्या १,३०,००० किलोमीटरने भागा. दर सुमारे ३ रुपये ८ पैसे येईल. मात्र बदलाचं कारण वापराच्या क्रमाशी जोडलेलं असलं पाहिजे आणि बदलाचा परिणाम जाहीर करावा लागतो.

आता बँक. कर्जफेडीची क्षमता मोजताना बँक नफ्यात घसारा परत मिळवते, त्यामुळे त्या गुणोत्तरावर पद्धतीचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो निव्वळ मत्तेवर, तोही पहिली काही वर्षं. दुसऱ्या वर्षअखेरीस एका गाडीमागे १,४०,००० चा फरक सर्वांत मोठा असतो, मग तो आपोआप भरून येतो. नूतनीकरणाच्या फाइलमध्ये वरच्यासारखा पाच वर्षांचा तक्ता जोडा. पहिल्या वर्षीचा कमी नफा गाड्या एकदम घेतल्यामुळे आहे, हे आकड्यांतून दिसलं की शाखेतला अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो.

एकदम घेणं हाच तुमच्या अडचणीचा मोठा भाग आहे. दरवर्षी दोन गाड्या घ्यायच्या आणि दोन विकायच्या असा फेरा असता, तर अंक-बेरजेतही दहा गाड्यांचा वार्षिक घसारा स्थिर १२,००,००० च आला असता. नव्या दोन गाड्यांचा जड घसारा आणि जुन्या दोन गाड्यांचा हलका घसारा एकमेकांना सांभाळून घेतात. पुढच्या खरेदीच्या वेळी दिरांना हे जरूर सांगा.

आयकरासाठी यातलं काहीच चालत नाही. तिथे गटवार ऱ्हासमान शेष पद्धत आहे. स्वतःचा माल नेणाऱ्या गाड्यांना १५ टक्के. भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या मालवाहू गाड्यांना ३० टक्के. एप्रिलमध्ये घेतलेल्या गाड्या वर्षात १८० दिवसांहून जास्त वापरल्या, त्यामुळे पूर्ण दर मिळतो, म्हणजे ८० लाखांवर १२ लाख. पुस्तकात कुठलीही पद्धत घ्या, कर तेवढाच. दोन घसाऱ्यांमधल्या फरकासाठी स्थगित कराची नोंद मात्र सीए करतील.

अंक-बेरीज ठेवायचीच ठरली, तर वर्षाच्या मध्ये घेतलेल्या गाडीकडे लक्ष द्या. १ ऑक्टोबरला गाडी आली, तर मार्चपर्यंत पहिल्या भागाचे सहा महिने म्हणजे १,००,०००. पुढच्या आर्थिक वर्षात पहिल्या भागाचे उरलेले १,००,००० आणि दुसऱ्याचे ८०,०००, असे १,८०,००० लागतात. पुष्कळ ठिकाणी तिथे थेट १,६०,००० लावतात आणि पाचव्या वर्षानंतर एक लाख रुपये पुस्तकात तसेच लटकतात. योग्य पद्धतीने हिशेब सहाव्या आर्थिक वर्षात २०,००० ने संपतो.

किलोमीटर निवडलंत तर रीडिंग हाच तुमचा व्हाउचर. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणि ३१ मार्चला प्रत्येक गाडीच्या मीटरचा फोटो, गाडी क्रमांकासह. रिकामी परतीची फेरीही त्यात येते, तो प्रश्न नाही. प्रश्न येतो मीटर बंद पडल्यावर. म्हणून इंधनाची बिलं गुणिले गाडीचा सरासरी मायलेज असा पडताळा तिमाहीत एकदा घ्या आणि सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवरचं रीडिंग जुळतं का बघा. मीटर बदलला, तर जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्ही त्याच दिवशी लिहून ठेवायला दिरांना सांगा. नंतर ते शोधून सापडत नाही.

एक गोष्ट मात्र सीएंबरोबर आधीच मिटवा. दुसऱ्या परिशिष्टात स्वतःच्या वापरातल्या मालवाहू मोटारींचं आयुष्य ८ वर्षं दिलं आहे आणि शेवटची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावी असं म्हटलं आहे. मी वर धरलेली पाच वर्षं आणि २५ टक्के, दोन्ही त्यापासून वेगळी आहेत. तसं करता येतं, पण तांत्रिक आधारासह जाहीर करावं लागतं. आधीच्या टेम्पोंची विक्रीपत्रं, विकतानाचं रीडिंग आणि एखाद्या जाणकार मूल्यांककाचं पत्र एवढा आधार जमवा. टिपणात साधारण असं लिहिता येईल: "लांब पल्ल्याच्या मालवाहू वाहनांवर प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरनुसार, प्रत्येक वाहनाचे अपेक्षित एकूण १,५०,००० किलोमीटर धरून, आणि शहरांतर्गत वाहनांवर पाच वर्षांच्या उपयुक्त आयुष्यानुसार सरळ रेषा पद्धतीने घसारा आकारला आहे. आयुष्य व अवशिष्ट मूल्य कंपनीच्या मागील वाहनांच्या वापराच्या व विक्रीच्या नोंदी आणि तांत्रिक मूल्यांकन यांवर आधारित असून ते दुसऱ्या परिशिष्टातील आकड्यांपेक्षा भिन्न आहेत." आधीच्या गाड्यांच्या गॅरेज-नोंदींनी उतरता घसारा सिद्ध केला, तर दुसऱ्या गटापुढे सरळ रेषेच्या जागी वर्षांच्या अंकांची बेरीज लिहा.